परदेशस्थाने फ्लॅट विकला की दीड कोटीवर साडेबावीस लाखांचा टीडीएस का, आणि तो खाली कसा आणायचा

प्रश्न: मी नऊ वर्षं मेलबर्नला आहे, पासपोर्ट भारतीयच. कोथरूडचा फ्लॅट (ऑगस्ट २०१२ मध्ये घेतलेला, एकट्याच्या नावावर) १ कोटी ५० लाखांना ठरला आहे. मागच्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, ५ लाख विसार घेतला. घेणारे आधी १ टक्का टीडीएस कापतो म्हणत होते. आता त्यांचे सीए म्हणतात की पूर्ण रकमेवर जवळजवळ १५ टक्के कापावे लागतील. माझा नफाच तेवढा नाही! लोअर टीडीएस सर्टिफिकेट मिळतं असं ऐकलं. ते कसं, किती दिवसांत आणि खरंच उपयोग होतो का? डिसेंबरअखेर खरेदीखत करायचं आहे.

उत्तर:

घेणाऱ्यांचे सीए बरोबर सांगत आहेत, आणि त्यांनी वेळेत सांगितलं हे दोघांचंही नशीब. मी पुण्यात अठरा वर्षं सीए म्हणून काम करतो आणि दर महिन्याला अशी दोन-तीन प्रकरणं टेबलावर येतात. त्यातली निम्मी तरी घेणाऱ्याने १ टक्का कापून मोकळं झाल्यानंतरची असतात.

तो १ टक्का येतो कलम १९४-आयए मधून. विकणारा भारतातला रहिवासी असेल तरच ते कलम लागतं. विकणारा अनिवासी असला की कलम १९५ लागतं आणि नियम मुळापासून बदलतात. ५० लाखांची किमान मर्यादा राहत नाही. दर १ टक्का राहत नाही. घेणाऱ्याला फक्त पॅनवर भागत नाही, टॅन हा कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक काढावा लागतो आणि १ टक्क्यासाठीच्या २६ क्यूबी फॉर्मच्या ऐवजी २७ क्यू हे तिमाही विवरणपत्र भरावं लागतं. इथे पासपोर्टचा संबंध नाही. त्या आर्थिक वर्षात तुम्ही भारतात किती दिवस राहिलात यावर सगळं ठरतं. नऊ वर्षं मेलबर्नला असलेला आणि या व्यवहारासाठी दोन-तीन आठवडे येऊन जाणारा माणूस अनिवासीच. (आखातातल्या वाचकांनी मात्र हे आंधळेपणाने स्वतःला लावू नये. भारतीय नागरिक, दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागू नाही आणि भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर, असं असेल तर कायदा त्याला निवासी मानू शकतो. घरविक्रीचा नफाही त्या १५ लाखांत धरला जातो. त्यांनी आधी हा मुद्दा तपासून घ्यावा.)

आता १५ टक्के कुठून आले ते पाहू. फ्लॅट २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे होता, म्हणून नफा दीर्घ मुदतीचा आणि त्यावर कर १२.५ टक्के. त्यावर अधिभार. रक्कम १ कोटीच्या वर असल्यामुळे तो १५ टक्के. त्या सगळ्यावर ४ टक्के उपकर. गुणाकार करून आकडा येतो १४.९५ टक्के. दीड कोटीवर तो होतो २२ लाख ४२ हजार ५००.

गोम अशी आहे की हा दर नफ्यावरचा आहे आणि लावला जातोय पूर्ण किमतीवर. कायद्यात शब्द ‘करपात्र रक्कम’ असाच आहे, आणि करपात्र नसलेल्या भागावर कपात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्टही केलं आहे. मग घेणारा फक्त नफ्यावर का कापत नाही? कारण तुमचा नफा किती हे त्याला ठरवता येत नाही. त्याने तुमच्या सीएच्या कागदावर विसंबून कमी कापलं आणि पुढे खात्याने तो हिशेब मानला नाही, तर फरक, व्याज आणि दंड त्याच्या बोकांडी बसतो. तुम्ही तोवर मेलबर्नला. माझा अशील घेणारा असेल तेव्हा मीही त्याला हेच सांगतो: विकणाऱ्याच्या सीएचा दाखला पुरत नाही, एक तर प्रमाणपत्र आणा, नाहीतर पूर्ण रकमेवर कापू द्या. म्हणून घेणाऱ्यावर चिडू नका, त्याच्या जागी तुम्हीही हेच केलं असतं.

आता तुमचा खरा कर किती होईल? तुम्ही खरेदीची किंमत दिलेली नाही, म्हणून मी ६० लाख करारमूल्य आणि ४ लाख मुद्रांक शुल्क, नोंदणी वगैरे धरतो. तुमचे आकडे त्या जागी घाला. विक्रीची दलाली १ टक्का, म्हणजे दीड लाख. १५० लाखांतून ६४ आणि दीड वजा केले की नफा ८४ लाख ५० हजार. त्यावर १२.५ टक्के म्हणजे १० लाख ५६ हजार २५०. नफा ५० लाख ते १ कोटीच्या दरम्यान आहे, म्हणून अधिभार १५ नव्हे, १० टक्के. उपकर धरून एकूण १२ लाख ८ हजार ३५०. भारतात तुमचं दुसरं मोठं उत्पन्न नाही असं धरलं आहे. अनिवासींच्या एनआरओ या भारतातल्या खात्यातल्या ठेवींचं व्याज असेल तर ते वेगळं मिळवावं लागेल.

म्हणजे २२ लाख ४२ हजार कापले जाणार आणि देणं १२ लाख ८ हजार. मधले १० लाख ३४ हजार रुपये सरकारकडे अडकतात. ते बुडत नाहीत. तुम्ही जुलै २०२६ मध्ये विवरणपत्र भराल, त्यानंतर काही महिन्यांनी परतावा येईल आणि त्यावर महिना अर्धा टक्का व्याजही मिळेल, पण तेही १ एप्रिलपासूनचं. विक्रीपासून परताव्यापर्यंत वर्षभर तरी धरून चाला.

इथे एक गोष्ट बरेच जण चुकवतात. जुलै २०२४ च्या आधी महागाई निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून मिळायची आणि दर २० टक्के होता. २३ जुलै २०२४ पासून निर्देशांक गेला आणि दर साडेबारा झाला. ओरड झाल्यावर सरकारने जुन्या घरांसाठी दोन्हींपैकी कमी कराचा पर्याय परत दिला, पण तो फक्त निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना. अनिवासींना तो नाही. तुमच्याच आकड्यांत, २०१२-१३ चा निर्देशांक २०० आणि यंदाचा ३७६ धरला, तर ६४ लाखांचे १२० लाख ३२ हजार होतात आणि २० टक्क्यांनी मूळ कर ५ लाख ६४ हजारांच्या आसपास येतो. पुण्यात राहणाऱ्या तुमच्या भावाला तो पर्याय आहे, तुम्हाला नाही. हे अन्यायाचं आहे असं माझं मत आहे, पण अर्जात निर्देशांकाचा हिशेब जोडला तर तो तसाच परत येईल. मित्राने २०२३ मध्ये विकलेल्या फ्लॅटचा तक्ता पाहून आकडे बांधू नका.

आता प्रमाणपत्र. कलम १९७ खाली विकणारा अर्ज करतो, फॉर्म क्रमांक १३. तो प्राप्तिकर खात्याच्या टीडीएससाठीच्या ट्रेसेस या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. मुख्य संकेतस्थळ परदेशातून उघडायला त्रास देतं, म्हणून अनिवासींसाठी nriservices.tdscpc.gov.in हा वेगळा पत्ता आहे. अर्ज जातो तुमच्या पॅनचं कार्यक्षेत्र ज्या आंतरराष्ट्रीय करविभागाच्या अधिकाऱ्याकडे आहे त्याच्याकडे. तो नफ्याचा हिशेब, मागची चार वर्षांची विवरणपत्रं आणि जुनी काही थकबाकी आहे का ते पाहतो आणि एक दर ठरवून देतो. प्रमाणपत्रावर तुमचा पॅन, घेणाऱ्याचा टॅन, रकमेची कमाल मर्यादा, दर आणि मुदत असते. मुदत त्या आर्थिक वर्षापुरती, तुमच्या बाबतीत ३१ मार्च २०२६ पर्यंतच. १ एप्रिलपासून १९६१ चा कायदा जाऊन नवा प्राप्तिकर कायदा लागू होणार आहे, त्यामुळे व्यवहार त्या तारखेपलीकडे लोटू नका. कलमांचे क्रमांकच बदलतील.

किती दिवस? सगळं नीट असेल तर माझ्या अनुभवात चार ते आठ आठवडे. जानेवारीनंतर गर्दी होते आणि जास्त लागतात. पण खरा वेळ अधिकाऱ्याच्या टेबलावर जात नाही, तो त्याच्या आधीच जातो, बहुतेकदा पॅनमध्ये.

तुमचा पॅन तुम्ही पुण्यात नोकरीला असताना काढलेला असणार. खात्याच्या नोंदीत तुम्ही अजून निवासी असाल, तर पॅन इथल्या साध्या प्रभागातल्या अधिकाऱ्याकडे पडलेला असतो. तिथून तो आंतरराष्ट्रीय करविभागाकडे हलवावा लागतो, आणि तोपर्यंत अर्ज चुकीच्या दारात उभा राहतो. ही बदली कधी आठ दिवसांत होते, कधी महिना लागतो. दुसरं, आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झालेला असू शकतो. अनिवासींना आधार जोडण्याची सक्ती नाही, पण तुम्ही अनिवासी आहात हे खात्याला कळलेलं असावं लागतं. आज रात्रीच प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर लॉगिन करा. प्रोफाइलमध्ये निवासी दर्जा काय दिसतो, पॅन चालू आहे का आणि कार्यक्षेत्राखाली काय लिहिलं आहे, एवढं पाहा. या तीन ओळींवर तुमचा डिसेंबर अवलंबून आहे.

कागदांत आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही: २०१२ चं करारपत्र आणि इंडेक्स टू, मुद्रांक-नोंदणीच्या पावत्या, बिल्डरला दिलेले पैसे दिसतील असे बँकेचे उतारे, आत्ताच्या विक्रीचं साठेखत किंवा निदान समजुतीचा करारनामा, घेणाऱ्याचा पॅन आणि टॅन, पासपोर्टची पानं आणि नफ्याचा तक्ता. उताऱ्यांचं काम मात्र गृहीत धरू नका. तेरा वर्षांपूर्वीचे उतारे बँका सहज देत नाहीत, आणि ‘एवढे पैसे कुठून दिले’ हा प्रश्न अधिकारी हमखास विचारतो. गृहकर्ज घेतलं असेल तर कर्जाचं जुनं विवरण तुमच्या मदतीला येतं, कारण वाटप थेट बिल्डरला झालेलं दिसतं.

फ्लॅटमध्ये नंतर केलेल्या खर्चाचं काय, असं सगळेच विचारतात. भिंत पाडून खोली वाढवली, बाल्कनी बंदिस्त केली, फरशी बदलली, अशा खर्चाची बिलं आणि बँकेतून दिलेले पैसे असतील तर तो खर्च मी अर्जात धरतो. पडदे, सोफा, एसी हे घराच्या किमतीत येत नाही. एका अशिलाने अकरा लाखांचं फर्निचर हट्टाने अर्जात घालायला लावलं. अधिकाऱ्याने त्यावरून तीन वेळा खुलासा मागवला, पाच आठवडे गेले आणि शेवटी ती रक्कम कापलीच. त्या अकरा लाखांवरचा कर दीड-पावणेदोन लाख होता, तो विवरणपत्रात भांडता आला असता. अर्जात जे निर्विवाद आहे तेच मागावं, असं मी तेव्हापासून ठरवलं आहे.

विक्रीची किंमत रेडी रेकनरशी, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरांशीही ताडून पाहिली जाते. रेडी रेकनरचं मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर नफा त्या मूल्यावर काढला जातो. कोथरूडमध्ये सहसा बाजारभाव वर असतो, पण इमारत आणि सर्व्हे नंबरप्रमाणे एकदा आकडा काढून ठेवा.

आता विसाराचा घोळ. कपात पैसे देताना करायची असते, आणि विसार हेही पैसे देणंच. मागच्या महिन्यातल्या ५ लाखांवर काहीच कापलेलं नाही. प्रमाणपत्र मागच्या तारखेपासून लागू होत नाही, ते मिळाल्यानंतरच्या रकमांनाच लागतं. त्यामुळे या ५ लाखांवर पूर्ण दराने, म्हणजे ७४ हजार ७५०, आता घेणाऱ्याने टॅन काढून भरावेत आणि पुढच्या हप्त्यात तुमच्याकडून वळते करावेत. फक्त ५ लाख आहेत म्हणून अधिभार नाही असं होत नाही. एकूण व्यवहार १ कोटीच्या वर जाणार हे माहीत असताना तो धरावाच लागतो. उशिराच्या कपातीचं व्याज महिना १ टक्का. ऑक्टोबरमध्येच भरलं तर दोन महिन्यांचे साधारण दीड हजार रुपये. हे मिटवून मगच अर्ज करा आणि अर्जात ते सांगा. १२ लाख ८ हजार ३५० मधून हे ७४ हजार ७५० वजा झाले की उरतात ११ लाख ३३ हजार ६००, आणि उरलेल्या १ कोटी ४५ लाखांवर तो दर पडतो ७.८२ टक्के. साधारण हाच दर प्रमाणपत्रावर दिसायला हवा. त्याच्यापेक्षा बराच जास्त दिसला, तर कुठली वजावट नाकारली ते विचारता येतं.

आणि प्रमाणपत्र हातात येईपर्यंत घेणाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नका. तुमच्या फ्लॅटवर कर्ज बाकी असेल आणि ते घेणारा थेट बँकेत भरून मोकळं करणार असेल, तर तीही तुम्हाला दिलेलीच रक्कम आहे. तिच्यावरही कपात होते. घेणारा स्वतः कर्ज काढत असेल तर त्याच्या बँकेला आधीच सांगून ठेवायला लावा. बँक तिच्या वाटपाचा पूर्ण चेक तुमच्या नावाने काढते आणि टीडीएस घेणाऱ्याला स्वतःच्या हिश्शातून भरावा लागतो. त्याचं नियोजन नसेल तर खरेदीखताच्या दिवशी निबंधक कार्यालयाबाहेर वाद होतात. पाहिले आहेत.

घेणारे नवरा-बायको दोघे असतील, तर टॅन दोघांचे वेगळे आणि प्रमाणपत्रात दोघांचेही हवेत. एकच टॅन घालून आलेलं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हिश्शाला चालत नाही. मर्यादेची रक्कमही नीट घाला. मागाहून पार्किंगचे ३ लाख वेगळे ठरले, तर त्या ३ लाखांवर पूर्ण दर.

उपयोग होतो का, तर तुमच्या आकड्यांत निःसंशय होतो. पण सगळ्यांना होत नाही. वडिलांनी १९८५ मध्ये ७० हजारांत घेतलेला फ्लॅट दीड कोटीला विकणाऱ्याला आधी १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य काढून पाहावं लागतं (रेडी रेकनरच्या तेव्हाच्या मूल्यापर्यंतच ते धरता येतं). तेही १२-१५ लाखच निघालं तर नफा किमतीच्या नव्वद टक्क्यांवर जातो, अधिभारही १५ टक्केच राहतो आणि वाचणारी रक्कम दोनेक लाखांची असते. तिच्यासाठी दोन महिने घेणाऱ्याला थांबवून ठेवायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी अशांना बहुतेकदा पूर्ण कापू द्या आणि परतावा घ्या असं सांगतो.

रोख्यांचं एक. कलम ५४ ईसीचे, म्हणजे आरईसी वगैरेंचे रोखे विक्रीनंतर सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत घेतले तर तेवढा नफा वगळला जातो. तुमचा करपात्र नफा मग साडेचौतीस लाख, अधिभार नाही आणि कर ४ लाख ४८ हजार ५००. मात्र ‘घेणार आहे’ एवढ्यावर प्रमाणपत्रात ती सूट द्यायला बरेच अधिकारी तयार नसतात. काही हमीपत्रावर देतात. ठरवलंच असेल तर मागून पाहा, पण नाही म्हणाले तर त्यासाठी अर्ज लटकवू नका. ७.८२ टक्क्यांनी कापू द्या, रोखे घ्या आणि साडेसात लाखांच्या वरचा फरक परताव्यात मागा. रोख्यांत पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याज करपात्र असतं, हेही हिशेबात धरा.

प्रमाणपत्र आल्यावर घेणाऱ्याच्या सीएला ते ट्रेसेसवर पडताळून पाहू द्या, तशी सोय तिथे आहे. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची. डिसेंबरात खरेदीखत झालं तर २७ क्यू ३१ जानेवारीपर्यंत. त्यात प्रमाणपत्राचा क्रमांक घालायचा राहिला, तर संगणक पूर्ण दर धरून घेणाऱ्याला कमी कपातीची नोटीस काढतो, आणि तो रात्री अकरा वाजता तुम्हाला फोन करतो. दुरुस्ती होते, पण घाम फुटतो. विवरणपत्र उशिरा गेलं तर दिवसाला २०० रुपये शुल्क. त्यांच्याकडून फॉर्म १६ ए हा कपातीचा दाखला मागून घ्या आणि तुमच्या २६ एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा कराच्या उताऱ्यात, रक्कम दिसते का पाहा.

पैसे तुमच्या एनआरओ खात्यातच घ्या. तिथून मेलबर्नला पाठवताना बँक १५ सीए हे तुमचं घोषणापत्र आणि १५ सीबी हा सीएचा दाखला मागेल, आणि सीबी देणारा सीए सगळ्यात आधी हेच प्रमाणपत्र आणि चलनं मागेल. एक वेगळा संच आत्ताच करून ठेवा.